पत्र्याला घाम आला: एका रेडियंट सीलिंगचा पहिला पावसाळा

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका इमारतीचा चौथा मजला. क्षेत्रफळ साधारण 900 चौरस मीटर, 85 माणसांचं ऑफिस, पश्चिमेला मोठ्या काचा. मालकांना पंख्यांचा आवाज आणि मानेवर येणारा गार झोत नको होता, म्हणून छतात रेडियंट पॅनेल बसवली. धातूच्या पातळ पत्र्याच्या पाठीला तांब्याची नळी चिकटवलेली असते, नळीतून गार पाणी फिरतं, पत्रा गार होतो आणि खालच्या माणसांची व वस्तूंची उष्णता ओढून घेतो. छताचा साधारण 60 टक्के भाग, म्हणजे 540 चौरस मीटर, अशा पॅनेलनी व्यापला होता. पाणी 15 अंशाला आत जायचं आणि 18 च्या आसपास परतायचं.

पत्रा उष्णता ओढतो, ओल ओढू शकत नाही. ते काम ताज्या हवेच्या वेगळ्या यंत्राचं. बाहेरची हवा गाळायची, कॉइलवर 11 अंशांपर्यंत गार करून तिच्यातलं पाणी काढायचं आणि ती कोरडी हवा मजल्यावर सोडायची. माणशी सेकंदाला 10 लिटर धरून एकूण तासाला 3,060 घनमीटर. एकच चिलर 7 अंशांचं पाणी द्यायचा, ते थेट या कॉइलला जायचं. पॅनेलसाठी मध्ये दोन पाणी न मिसळता उष्णतेची देवाणघेवाण करणारा प्लेट हीट एक्स्चेंजर ठेवून वेगळं, कमी गार पाणी बनवलं जायचं.

कमिशनिंग, म्हणजे यंत्रणा चालवून, तपासून ताब्यात देणं, एप्रिलमध्ये झालं. दुपारी बाहेर 38 अंश, आत 25.5, छत अगदी गप्प. सगळे खूष. आम्ही सल्लागार म्हणून तेव्हा चित्रात नव्हतो. जूनमध्ये फोन आला तेव्हा आलो. तरी सांगतो, एप्रिलमध्ये मीही त्या अहवालावर सही केली असती.

तो सोमवार

जूनचा दुसरा आठवडा. शनिवारी दुपारपासून पाऊस लागला होता, ऑफिस दीड दिवस बंद. सोमवारी सकाळी 7 वाजता वेळापत्रकाप्रमाणे दोन्ही गोष्टी एकदम सुरू झाल्या: ताज्या हवेचं यंत्र आणि पॅनेलचा पंप.

पहिल्यांदा पाहिलं ते साफसफाईच्या मावशींनी. नऊला दहा मिनिटं असताना त्या फॅसिलिटी मॅनेजरकडे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, लिफ्टकडच्या पत्र्याला घाम आलाय." इमारतीच्या यंत्रांवर नजर ठेवणाऱ्या बीएमएसच्या पडद्यावर मात्र सगळं हिरवं होतं. दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली पत्रा गेला की त्यावर दव धरतं ते तापमान, 13 दिसत होता, पाणी 15. म्हणजे दोन अंशांचं अंतर, काळजीचं कारण नाही. आणि तिकडे एका कीबोर्डवर थेंब पडत होते.

घाम कुठे आला होता ते नीट पाहण्यासारखं होतं. सगळ्या छतावर नव्हता. प्रत्येक मालिकेतल्या पहिल्या पॅनेलवर, म्हणजे जिथे पाणी सर्वांत गार असतं तिथे, आणि त्यातही लिफ्ट लॉबीच्या बाजूला. पत्र्यावर आधी धुरकट पापुद्रा दिसायचा, मग बारीक दाणे, मग ते दाणे पॅनेलच्या कडेला जमून ओघळायचे. दोन तास असेच गेले होते. दव धरायला वेळ लागतो, म्हणून सातला झालेली चूक नऊला दिसली.

मॅनेजरनी पंप बंद केला, हे बरोबर. पण साडेदहापर्यंत आत 28 अंश झाले, कुरकुर सुरू झाली आणि कुणीतरी पश्चिमेच्या दोन खिडक्या उघडल्या. बाहेर पावसाची गार झुळूक होती, तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. पण त्या झुळुकीचा दवबिंदू 21 होता. खिडक्या उघड्या असेपर्यंत पॅनेल पुन्हा सुरू करणं अशक्य झालं. तो दिवस टेबलफॅनवर काढला.

मुळात काय चुकलं होतं

हवा गार करत गेल्यावर ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो दवबिंदू. गार ताकाच्या पेल्याला बाहेरून ओल येते ती याच कारणानं. खोलीत 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू 14 च्या जवळ असतो. 15 अंशांच्या पाण्याला ते पुरतं, पण जेमतेम.

मी पोचलो ते दुपारी, हातातलं मोजयंत्र घेऊन. खिडकीकडे दवबिंदू साडेपंधरा, लॉबीच्या कोपऱ्यात 18. मग 13 कुठून आला? भिंतीवरचा एकमेव सेन्सर हवा सोडणाऱ्या जाळीपासून दोन फुटांवर होता. तो खोलीची हवा मोजतच नव्हता, यंत्रातून आलेली ताजी कोरडी हवा मोजत होता. घाम आल्यावर पाणी तोडणारे स्विचही होते, पण ते पॅनेलच्या परतीच्या नळीवर बांधलेले. परतीचं पाणी तीन अंश उबदार. तिथे दव येईपर्यंत आत जाणाऱ्या नळीवर पाऊस पडून गेलेला असतो.

पण सेन्सर फक्त खोटं बोलत होता, ओल आणत नव्हता. ओल कुठून येते हे शोधायला आम्ही पॅन्ट्रीतून उदबत्ती आणली. लॉबीच्या दाराच्या फटीपाशी धरली, धूर सरळ आत ओढला गेला. म्हणजे मजला बाहेरची हवा शोषत होता. हवेचे आकडे मोजल्यावर हिशेब उघड झाला. आत येत होती 3,060 घनमीटर. जाणाऱ्या हवेचा गारवा येणाऱ्या हवेला देणाऱ्या यंत्राच्या रिकव्हरी व्हीलमधून बाहेर जात होती 2,650, आणि स्वच्छतागृहं व पॅन्ट्रीचे एक्झॉस्ट पंखे आणखी 900 काढत होते. एकूण 3,550. फरक तासाला 490 घनमीटरचा, आणि तो भरून निघत होता दारं, फटी आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीतून. डिझाइनमध्ये एक्झॉस्ट पंखे वेगळ्या कंत्राटदाराकडे होते. दोन्ही आकडे एका कागदावर कुणी मांडलेच नव्हते.

या 490 चं वजन किती ते बघू. बसून काम करणारा माणूस तासाला सुमारे 80 ग्रॅम पाणी हवेत सोडतो, 85 जणांचे झाले सुमारे 7 लिटर. पुण्याच्या उंचीवर 11 अंश दवबिंदूच्या किलोभर हवेत साधारण 8.7 ग्रॅम वाफ असते आणि 14 अंशांच्या हवेत 10.7. किलोमागे 2 ग्रॅमच्या या फरकावर यंत्राची हवा माणसांची ओल बरोबर उचलते. डिझाइन चुकीचं नव्हतंच. पण पावसाळी हवेत किलोमागे जवळपास 17 ग्रॅम. फटीतून येणारी हवा तासाला आणखी सुमारे 3 लिटर पाणी आणत होती, म्हणजे न बोलावलेली चाळीस माणसं. त्यामुळे भरल्या ऑफिसात दवबिंदू 14 वर न थांबता 15 च्या पुढे स्थिरावणार, हे गणितातच होतं.

आणि एप्रिलमध्ये? तेव्हा दुपारी बाहेरचा दवबिंदू 9 ते 10. तीच गळती मजला कोरडा करत होती. जो दोष जूनमध्ये छत भिजवतो तो एप्रिलमध्ये मदतच करत होता, त्यामुळे कोणत्याही चाचणीत दिसला नसता.

कोणते पर्याय होते

मालकांच्या बाजूने पहिला सूर होता, "हे काढा आणि व्हीआरएफ लावा." व्हीआरएफ म्हणजे बाहेरच्या एका युनिटवर चालणारे अनेक एसी. राग समजत होता, पण त्यासाठी सगळं छत उतरवावं लागलं असतं, ऑफिस काही आठवडे बंद, आणि लॉबीच्या दारातून ओल आत येतच राहिली असती, फक्त ती व्हीआरएफच्या ट्रेमध्ये गुपचूप वाहून गेली असती.

दुसरा पर्याय सगळ्यांत सोपा: पाणी कायमचं 18 अंशांवर ठेवा. घाम जवळजवळ जाईल. पण पॅनेल किती उष्णता ओढणार ते खोली आणि पाण्याच्या सरासरी तापमानातल्या फरकावर ठरतं. 26 अंशांच्या खोलीत 15 अंशांचं पाणी असताना फरक साडेनऊ अंश आणि क्षमता चौरस मीटरला 75 ते 80 वॉट. 18 अंशांवर फरक साडेसहा, क्षमता 50 च्या आसपास. एक तृतीयांश गारवा गेला. पावसाळ्यात चाललं असतं, ऑक्टोबरमध्ये पश्चिमेच्या काचांपुढे नाही.

तिसरा, ताज्या हवेचं यंत्र चोवीस तास चालवणं. हा मला स्वतःला आवडला नाही. रिकाम्या ऑफिसात रात्रभर 21 दवबिंदूची हवा आत घेऊन ती सुकवायची म्हणजे चिलरला फुकटची मजुरी. चौथा, खोलीत सुटे डिह्युमिडिफायर ठेवणं. ते काढलेल्या पाण्याची उष्णता खोलीतच सोडतात आणि आवाजही करतात. ज्या शांततेसाठी एवढा खर्च केला तीच गेली असती. दोन आठवडे तात्पुरते म्हणून आम्ही लॉबीत दोन ठेवले, एवढंच.

शेवटी ठरलं ते कंटाळवाणं होतं: आधी हवेचा हिशेब, मग सेन्सर, मग वेळापत्रक. याच क्रमानं, कारण हवा ओढली जात असताना सेन्सर सुधारला असता तर पॅनेल रोज सकाळी इमानदारीने बंदच राहिली असती.

काय केलं

परतीच्या पंख्याचा वेग उतरवून यंत्रातून बाहेर जाणारी हवा 1,900 वर आणली. आता येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा सुमारे 260 घनमीटर जास्त. उदबत्ती पुन्हा धरली. धूर बाहेर सरकला. व्हीलमधून जाणारी गार हवा कमी झाल्यामुळे तेवढी ऊर्जा परत मिळणं घटलं, ही किंमत आम्ही जाणून मोजली. लॉबीच्या दाराला डोअर क्लोजर लावला आणि फॉल्स सीलिंगच्या पोकळीतली शाफ्टकडची उघडी भगदाडं बंद केली.

सेन्सर एकाचे चार केले: लॉबी, खिडकीची बाजू, मीटिंग रूम आणि मधला भाग. जाळ्यांपासून दूर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. स्विच परतीच्या नळीवरून काढून पहिल्या पॅनेलच्या आत जाणाऱ्या नळीवर घेतले. पाण्याचा नियम असा: चारांतला सर्वांत वाईट दवबिंदू अधिक दीड अंश, पण 15 च्या खाली कधीच नाही. दीड कशासाठी, यावर मालकांच्या इंजिनिअरशी वाद झाला. त्यांना एक अंश हवा होता. पण आर्द्रता सेन्सर 3 टक्क्यांनी चुकला की दवबिंदू जवळपास 1 अंशाने चुकतो, आणि नवा सेन्सरसुद्धा तेवढा चुकू शकतो. उरलेला अर्धा अंश आमची झोप.

सर्वांत महत्त्वाचा बदल वेळापत्रकातला होता. पॅनेलचा पंप घड्याळावरून काढून दवबिंदूवर टाकला. चारही सेन्सर सलग 15 मिनिटं साडेचौदाच्या खाली असतील तरच पंप सुरू. ताज्या हवेचं यंत्र इतर दिवशी साडेपाचला, सोमवारी 4 वाजता. कागदावर हिशेब केला तर 20 अंशांवरून साडेचौदावर यायला तासाभराचा वेळ पुरतो, कारण यंत्र तासाला मजल्याची हवा एकापेक्षा थोडी जास्त वेळा बदलतं. प्रत्यक्षात पहिल्या सोमवारी 6:50 वाजले. जवळपास तीन तास. कार्पेट, खुर्च्यांचं कापड, पार्टिशनचे बोर्ड शनिवार-रविवारी ओल पिऊन बसलेले असतात आणि ती हळूहळू सोडतात. हवेपेक्षा सामान सुकवायला वेळ जातो.

मीटिंग रूमचं वेगळं दुखणं

जुलैमध्ये छत कोरडं होतं, फक्त चौदा खुर्च्यांची मीटिंग रूम सोडून. तिला हवा आठ माणसांची दिलेली. चौदा जण बसले की तासाला 1.1 लिटर पाणी हवेत, आणि सेकंदाला 80 लिटर हवा ते उचलू शकत नाही. दवबिंदू 16 वर जातो. मग नव्या नियमाने त्या खोलीचा व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणजे खोली भरली की गारवा थांबतो, नेमकं उलटं. नियम चोख पाळला जात होता आणि लोक घामाघूम होत होते. या वेळी घाम पत्र्याला नाही, माणसांना.

आम्ही आधी हवेच्या डक्टवर खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार उघडणारी झडप, म्हणजे डँपर, बसवून हवा दुप्पट करून पाहिली. दवबिंदू आटोक्यात आला, पण बाकीच्या मजल्याची हवा कमी पडू लागली. शेवटी तिथे ड्रेन ट्रे असलेला, पंख्याने हवा गार कॉइलवरून फिरवणारा एक छोटा फॅन कॉइल युनिट लावला. रेडियंटच्या कट्टर मंडळींना हे पाप वाटेल. मला नाही, जिथे गर्दी अचानक येते आणि अचानक जाते तिथे पाणी टिपायला ट्रे हवाच.

ऑक्टोबर आणि संथपणा

दुसरा प्रसंग कोरड्या छतानंतर घडला आणि त्यात चूक यंत्राची नव्हती. ऑक्टोबर हीट, दुपारचे साडेतीन, पश्चिमेला 27 अंश. तक्रारी आल्यावर पाळीवरच्या ऑपरेटरने बीएमएसमधली 15 ची मर्यादा काढून पाणी 13 वर नेलं. अर्ध्या तासात काही वाटलं नाही, म्हणून 12. साडेपाचला सूर्य कलला, पश्चिमेची बाजू थंडगार झाली आणि लॉबीकडची पहिली पॅनेल पुन्हा धुरकटली.

ऑपरेटर स्प्लिट एसीच्या सवयीने वागला. तिथे रिमोट दाबला की दोन मिनिटांत झोत येतो आणि काही झालं असं वाटतं. इथे पत्रा दहाएक मिनिटांत गार होतो, पण टेबलं, फरशी, वरचा स्लॅब आणि तापलेली काच यांनी दुपारभर साठवलेली उष्णता उतरायला तास-दीड तास जातो, आणि मध्ये झोताचा दिलासाही नसतो. स्लॅबमध्येच नळ्या टाकलेल्या पद्धतीत तर हे काही तासांवर जातं. त्या मानाने पॅनेल चपळ. परत उबदार व्हायलाही तोच उशीर. हीट एक्स्चेंजरकडून गार पाणी तोडलं तरी पॅनेलच्या बंद फेऱ्यातलं पाणी खोलीच्या उष्णतेनेच तापणार. शेकडो लिटर पाणी एकदम तापत नाही. म्हणून धोका दिसल्यावर हात घालणं उशिराचं असतं.

त्या बाजूला उपाय केला तो वेळेचा: पश्चिमेच्या झोनचं तापमान ऑक्टोबर आणि उन्हाळ्यात दुपारी 1 वाजल्यापासूनच 24 वर नेऊन ठेवायचं, आणि अडीचला ब्लाइंड खाली. 15 ची मर्यादा पासवर्डखाली गेली. भिंतीवरचे थर्मोस्टॅट 23 ते 26 एवढेच फिरतात. 18 चा आकडा दिसणं बंद झाल्यावर निम्म्या तक्रारी थांबल्या, हे माझं मोजमाप नाही, मॅनेजरचं म्हणणं.

परिणाम

पुढच्या पावसाळ्यात छताला घाम आला नाही. एकदा स्विचने एक झोन तोडला. केटरिंगवाल्यांनी लॉबीचं दार पाचर लावून उघडं ठेवलं होतं. पाणी बहुतेक दिवस साडेपंधराच्या आसपास राहतं, आत साडेपंचवीस ते 26. विजेच्या बाबतीत मात्र आधी सांगितलं गेलं तेवढं काही झालं नाही, आणि त्याचं कारण उघड आहे: पॅनेलला उबदार पाणी चालतं याचा खरा फायदा उबदार पाणी बनवणारा वेगळा चिलर असेल तर मिळतो. इथे एकच चिलर 7 अंशांचं पाणी बनवतो आणि आपण ते पुन्हा उबदार करून वापरतो.

आज पहिल्यापासून करायचं असतं तर

दोन चिलर, किंवा निदान ताज्या हवेच्या कॉइलसाठी छोटा वेगळा. सकाळच्या सुकवणीसाठी बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवणारा डँपर. त्याने वेळ फारसा वाचत नाही, पण माणसं नसताना बाहेरचं पाणी आत घेऊन काढण्याचा खर्च वाचतो. मीटिंग रूममध्ये पॅनेल लावलीच नसती. आणि सोमवारी साडेदहाला मॅनेजरनी पाणी पूर्ण तोडण्याऐवजी, खिडक्या बंद ठेवून, ते 20 अंशांवर फिरवत ठेवलं असतं तर दुपारपर्यंत थोडा तरी गारवा मिळाला असता. पण त्या वेळी त्यांच्याकडे तसा कागद नव्हता; आता बीएमएसच्या टेबलावर लॅमिनेट करून ठेवला आहे.

कमिशनिंगबद्दल एकच बदल मी आता करारात लिहून घेतो: उष्णतेची चाचणी एप्रिलमध्ये, ओलीची जुलैमध्ये, आणि शेवटचं बिल जुलैनंतर. दोन कंत्राटदारांनी त्यावर सही करायला नकार दिला आहे. मूळ ऑफिसात सेन्सर दर मे महिन्यात तपासले जातात. यंदा चारांतला एक दोन अंशांनी खाली वाचत होता. तो लॉबीचा होता.